महिन्याच्या पगारातून ओव्हरटाइमचा तासाचा दर काढताना भागायचं कशाने?

प्रश्न: पगारपत्रक मी करतो. पगार महिन्याचा ठरलेला, समजा ३१,२००. आठवड्यात सहा दिवस, रोज आठ तास. ओटीचा तासाचा दर काढताना आत्तापर्यंत त्या त्या महिन्याच्या दिवसांनी भागत आलोय, म्हणजे फेब्रुवारीत २८, मार्चमध्ये ३१. आता कामगार विचारतात, तेच काम, तेवढेच तास, मग मार्चमध्ये पैसे कमी का? कोणी सांगतं २६ ने भाग, कोणी सांगतं ३० ने. नक्की बरोबर काय? एक्सेलमध्ये एकदाच सूत्र टाकून मोकळं व्हायचंय.

उत्तर:

आधी थेट उत्तर देतो. तुमच्याकडे आठवड्याचे ४८ तास आहेत. ४८ गुणिले ५२ आठवडे म्हणजे वर्षाचे २,४९६ तास, भागिले १२ म्हणजे महिन्याचे सरासरी २०८ तास. पगाराला २०८ ने भागा. ३१,२०० चा साधा तास १५० ला पडतो, आणि तो फेब्रुवारीतही १५० आणि मार्चमध्येही १५०. त्यावर तुमच्याकडे लागू असलेला दीडपट किंवा दुप्पट गुणक लावा. तुमच्या ठिकाणच्या कायद्यात किंवा लेखी करारात भाजक आकड्यानिशी दिलेला असेल तर मात्र तोच चालेल, माझा नाही. पुढचं सगळं तो दिलेला नसेल तेव्हासाठी आहे. बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच होतो, कारण कायदा गुणक ठळकपणे सांगतो आणि भाजकाबद्दल गप्प राहतो.

आता हे असं का, ते नीट समजून घ्या. नाहीतर उद्या कोणीतरी तुम्हाला पुन्हा २६ आणि ३० च्या वादात ओढेल आणि तुमच्याकडे सांगायला काही नसेल.

कॅलेंडरच्या दिवसांनी भागायची सवय येते कुठून? बिनपगारी रजा कापण्यातून. माणूस महिन्याच्या मध्येच रुजू झाला किंवा चार दिवस बिनपगारी गैरहजर राहिला, की आपण पगाराला महिन्याच्या दिवसांनी भागतो आणि पगारी दिवसांनी गुणतो. तिथे ते अगदी बरोबर असतं. कारण वर मोजलेल्या दिवसांत साप्ताहिक सुट्ट्या धरलेल्या असतात आणि खाली भाजकातही धरलेल्या असतात. अंश आणि छेद एकाच जातीचे आहेत. पूर्ण महिना हजर असलेल्याला ३१ भागिले ३१, म्हणजे पूर्ण पगार मिळतो. फेब्रुवारीत २८ भागिले २८, तरी पूर्ण पगार. महिना लहान असो की मोठा, हिशोब आपोआप जुळतो.

ओटीत तसं नाही. ओटीचा तास हा प्रत्यक्ष कामाचा तास असतो. त्याची किंमत काढायला खालीही कामाचेच तास हवेत. पण ३१ दिवस गुणिले ८ केलं की छेदात २४८ तास येतात, आणि इतके तास तुमच्याकडे कोणी साध्या पगारात काम करतच नाही. त्यात चार-पाच साप्ताहिक सुट्ट्या आठ-आठ तासांच्या कामाचे दिवस म्हणून घुसलेल्या असतात. छेद फुगला की दर पडतो.

किती पडतो ते तुमच्याच आकड्यांवर बघू. ३१ दिवसांच्या महिन्यात ३१,२०० ला २४८ ने भागलं की तास १२५.८१ ला पडतो. ३० दिवसांच्या महिन्यात १३०. फेब्रुवारीत १३९.२९. तुमच्या कामगारांना फेब्रुवारी आणि मार्चमधला फरक दिसला, कारण तो स्लिपवर डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारीचा दर मार्चपेक्षा जवळपास पावणेअकरा टक्क्यांनी जास्त. पण जे दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे: हे तिन्ही दर १५० च्या खाली आहेत. म्हणजे मार्चमध्ये कमी आणि फेब्रुवारीत योग्य असं झालेलं नाही. फेब्रुवारीतही कमीच पडले, फक्त थोडे कमी कमी पडले. म्हणून «दोन्ही महिन्यांची सरासरी काढून ३० धरू या» हा तोडगा काढलात तर महिन्यामहिन्यातला फरक जाईल, तक्रार शांत होईल, आणि मूळ चूक तशीच राहील.

दर बरोबर आहे की नाही हे तपासायचा एक साधा ताळा आहे. काढलेल्या दराला साध्या कामाच्या तासांनी गुणा, महिन्याचा पगार परत आला पाहिजे. १५० गुणिले २०८ म्हणजे ३१,२००. जुळलं. आता मार्चचा दर घ्या: १२५.८१ गुणिले २०८ म्हणजे जेमतेम २६,१६८. पगार तर आपण ३१,२०० देतो. मधले पाच हजार गेले कुठे? ते साप्ताहिक सुट्ट्यांच्या नावावर टाकले गेले. पगार देताना आपण म्हणतो की हा तुझ्या कामाचा मोबदला, आणि ओटी काढताना त्याच पगारातला एक भाग सुट्टीचा मोबदला ठरवून बाजूला काढतो. कामगाराला हे सूत्रात मांडता आलं नाही तरी आपलं काहीतरी कमी होतंय हे त्याला कळतं, आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

गुणकाच्या बाजूने पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. तुमच्याकडे दुप्पट दर लागू आहे असं धरू. १५० ची दुप्पट ३००. पण १२५.८१ ची दुप्पट २५१.६१ येते, म्हणजे खऱ्या तासाच्या फक्त १.६८ पट. कागदावर दुप्पट लिहिलेलं आहे आणि हातात पावणेदोन पटसुद्धा पडत नाही.

मग २६ चं काय? सहा दिवसांचा आठवडा, ५२ आठवडे, भागिले १२ महिने: बरोबर २६. म्हणजे तुम्हाला जो २६ ने भाग म्हणाला त्याचं तुमच्यापुरतं उत्तर योग्यच आहे. २६ दिवस गुणिले ८ तास म्हणजे तेच २०८. पण २६ हा सहा दिवसांच्या आठवड्यातून निघालेला आकडा आहे, स्वयंभू नव्हे. कायद्यांतही तो त्याच वाटेने आला आहे. भारतात १९७२ च्या उपदान कायद्यात, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, मासिक पगारदाराचा पंधरा दिवसांचा पगार काढताना २६ ने भागायला सांगितलं होतं. मलेशियाच्या रोजगार कायद्यात मासिक पगारदाराचा दिवसाचा दर काढायलाही २६ च आहे. लोक असा एखादा २६ पाहतात, लक्षात ठेवतात आणि मग जिथे तिथे लावतात.

तो चुकतो कधी, तर आठवडा पाच दिवसांचा असतो तेव्हा. हे मी पगारपत्रकं तपासताना वारंवार पाहिलं आहे. कारखान्याचा सहा दिवसांचा आठवडा, कार्यालयाचा पाच दिवसांचा, आणि दोघांना एकच सूत्र. तोच ३१,२०० पगार पाच दिवसांच्या, ४० तासांच्या आठवड्याला लावून बघा. ४० गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे १७३.३३ तास. तासाचा दर १८०. त्याला २६ आणि ८ ने भागलं तर मिळतात १५०. सहावा हिस्सा गेला, आणि २६ हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

आणि पाच दिवसांच्या आठवड्यात कोणी ३१ ने भागत असेल, गुणक दीडपट असेल, तर काय होतं ते मुद्दाम करून बघा. १२५.८१ ची दीडपट १८८.७१. खरा साधा तास १८० चा. म्हणजे दीडपटीचं १.०५ पट झालं. जास्तीच्या तासाला जास्तीचे पैसे द्यायचे हा ओव्हरटाइमचा सगळा उद्देश, आणि तो नुसत्या भाजकाने पुसून टाकला. कोणी फसवायला बसलेलं नसतं, एवढंच की रजा कापायचं सूत्र उचलून ओटीच्या रकान्यात टाकलेलं असतं.

म्हणून मी दिवसांचा भाजक वापरूच नका असं सांगतो. तासांचा वापरा, आणि तो आठवड्याच्या ठरलेल्या तासांवरून काढा. आठवडा हेच एकक असं आहे की ज्याची लांबी बदलत नाही. महिने २८ ते ३१ मध्ये हेलकावे खातात, महिन्यात रविवार कधी चार येतात कधी पाच, पण आठवडा सात दिवसांचाच. जिथे जिथे कायद्याने हे सूत्र शब्दांत मांडलं आहे तिथे बहुधा हीच वाट धरलेली दिसते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत मासिक पगाराला १२ ने गुणून ५२ ने भागा, आठवड्याचा पगार काढा आणि मग तासांवर या, असं आहे. सिंगापूरमध्ये १२ गुणिले मासिक मूळ पगार, भागिले ५२ गुणिले ४४, कारण तिथे आठवडा ४४ तासांचा धरला आहे. फ्रान्समध्ये आठवडा ३५ तासांचा, म्हणून तिथल्या पगाराच्या स्लिपवर महिन्याचे १५१.६७ तास छापलेले असतात. ३५ गुणिले ५२ भागिले १२ करून बघा, तोच आकडा येईल. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५९ मध्ये दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला साध्या दराच्या दुप्पट, असं सांगितलं आणि साध्या दरात काय धरायचं तेही सांगितलं, पण त्या कलमात भाजकाचा आकडा नव्हता. अशा ठिकाणी ठरलेल्या तासांवरून भाजक काढणं हाच सरळ मार्ग राहतो.

आता एक पर्याय तुमच्या मनात येईल, कारण तो प्रामाणिक वाटतो: त्या महिन्यात प्रत्यक्ष जितके कामाचे दिवस, तितक्यांनी भागायचं. यात सुट्ट्या घुसत नाहीत, अंश-छेदाची जात जुळते. फेब्रुवारीत २४ दिवस, १९२ तास, दर १६२.५०. चार रविवार असलेल्या ३१ दिवसांच्या महिन्यात २७ दिवस, २१६ तास, दर १४४.४४. हिशोब म्हणून चूक नाही. तरीही मी तो टाळायला सांगतो. एक तर तुमच्या कामगारांची मूळ तक्रार, तोच तास आणि वेगळे पैसे, ती तशीच राहते, किंबहुना वाढते. दुसरं, दर रविवार कुठे पडले यावर ठरायला लागतो आणि ओटी कोणत्या महिन्यात ढकलायचा याला किंमत येते. महिनाअखेरचं काम दोन दिवस पुढे सरकवलं की खर्च बदलतो, हे पर्यवेक्षकांना लवकरच समजतं. जपानच्या नियमांनी याचा चांगला निकाल लावला आहे. महिन्याचे ठरलेले तास महिन्यागणिक बदलत असतील तर वर्षाची मासिक सरासरी घ्यायची. म्हणजे पुन्हा वर्षभराचे तास भागिले १२.

इथपर्यंत सगळं ठाम सांगितलं. पण तीन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील.

पहिली आणि सर्वांत मोठी: साप्ताहिक सुट्टी पगारी आहे का? इथे «पगारी» म्हणजे नुसतं त्या दिवसाचे पैसे कापत नाहीत एवढंच नाही. मासिक पगारात कोणीच कापत नाही. प्रश्न असा आहे की पगार ठरवताना सुट्टीच्या दिवसाचे तास कायद्याने किंवा कराराने मोजून धरले आहेत का. दक्षिण कोरियाचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. तिथे आठवडा ४० तासांचा, पण कायद्याने आठवड्याची एक सुट्टी पगारी आहे, म्हणून तिचे ८ तास वर धरतात. ४८ गुणिले ३६५, भागिले ७, भागिले १२ म्हणजे २०८.५७, आणि तो २०९ करून वापरतात. तुमचा २०८ आणि त्यांचा २०९ शेजारी ठेवले तर एकच वाटतील, पण तुमचे सगळे तास कामाचे आहेत आणि त्यांच्यातले आठवड्याचे आठ सुट्टीचे. बाहेरून आकडा उचलून आणू नये तो यासाठी. तुमच्या करारात «महिन्याचा पगार हा साप्ताहिक सुट्ट्यांसह ३० दिवसांचा मोबदला आहे, दिवसाचा दर पगाराच्या तिसाव्या भागाइतका» अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल, आणि कायदा आड येत नसेल, तर ३० गुणिले ८, म्हणजे २४० या भाजकालाही आधार आहे. तो कामगाराला कमी देतो, पण निदान बारा महिने एकच राहतो. लिहिलेलं काही नसेल तर मात्र सुट्टीचे तास छेदात धरायला मला कोणतंही कारण दिसत नाही.

दुसरी: जेवणाची सुट्टी. नऊ ते सहा अशी पाळी असते, मध्ये एक तास जेवण, आणि कोणीतरी रोजचे तास नऊ धरतो. जेवणाचा तास कामाच्या वेळेत मोजत नसाल तर भाजकात ८ च यायला हवेत. ९ धरलेत तर छेद २३४ होतो आणि दर १५० वरून १३३.३३ वर येतो. इथे हजेरीच्या यंत्रातला «आत» आणि «बाहेर» चा फरक घेऊन चालत नाही. ओटी मोजताना जेवणाचा तास वजा करता आणि दर काढताना धरता, असं झालं तर दोन्हीकडून कामगाराचंच नुकसान.

तिसरी: सणावारांच्या पगारी सुट्ट्या छेदातून वजा करायच्या का? वर्षाला अशा दहा सुट्ट्या असतील तर ८० तास कमी होऊन वर्षाचे २,४१६ राहतात, महिन्याचे २०१.३३, आणि दर १५४.९७ होतो. जपानच्या पद्धतीत ठरलेले तास म्हटल्यावर सुट्टीचे दिवस मोजतच नाहीत, म्हणून तिथे असाच भाजक येतो. ५२ आठवड्यांच्या पद्धतीत सुट्ट्या वजा होत नाहीत. दोन्ही तर्क टिकतात. तुमच्याकडे नियम नसेल तर मी ५२ आठवड्यांची पद्धत घेईन, कारण सुट्ट्यांची यादी बदलली म्हणून दर वर्षी दर बदलत नाही. पण कामगारांशी करार करताना वजा करायचं ठरलं तर त्यात वावगं काही नाही.

५२ बद्दल एक शंका हुशार माणसं काढतात. ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस, मग एक दिवस उरला त्याचं काय? खरं आहे. ३६५ भागिले ७ केलं तर भाजक २०८.५७ येतो आणि दर १४९.५९. तासामागे ४१ पैशांइतका फरक, तोही कामगाराच्या बाजूने. कोणतंही एक धरा, लिहून ठेवा, आणि लीप वर्ष आलं म्हणून त्याला हात लावू नका.

वरच्या रकमेबद्दल, म्हणजे अंशाबद्दल, मी थोडक्यातच लिहितो, कारण तो वेगळाच विषय आहे. फक्त मूळ पगार घ्यायचा की भत्ते धरून, हे कायदा आणि करार ठरवतात. मी उल्लेख केलेल्या कलम ५९ मध्ये साध्या दरात भत्ते येत होते, बोनस आणि ओटीची रक्कम वगळून. सिंगापूरचं सूत्र मूळ पगारावर आहे. भाजक बरोबर केलात आणि अंश चुकीचा घेतलात तर उत्तर चुकणारच, एवढं लक्षात असू द्या.

आता एक्सेल. B2 मध्ये महिन्याचा पगार, C2 मध्ये आठवड्याचे ठरलेले तास, D2 मध्ये ओटीचे तास, E2 मध्ये गुणक ठेवा:

```
=ROUND(B2*12/(52*C2)*D2*E2, 2)
```

यात महिन्याचे दिवस कुठेच नाहीत, हे मुद्दाम. आठवड्याचे तास वेगळ्या रकान्यात ठेवले आहेत, म्हणजे पाच दिवसांच्या आणि सहा दिवसांच्या लोकांना एकच सूत्र लागू पडेल आणि प्रत्येकाचा भाजक आपापला निघेल. पूर्णांकन शेवटी एकदाच केलं आहे. तासाचा दर आधी पूर्णांकित करून मग तासांनी गुणलात तर प्रत्येक माणसामागे काही पैसे इकडेतिकडे होतात, आणि बेरजा जुळवताना तेच डोकेदुखी ठरतात. पगारवाढ महिन्याच्या मध्यात लागू झाली तर ओटी ज्या तारखेला झाला त्या तारखेचा पगार B2 मध्ये यायला हवा. त्यासाठी त्या महिन्यात माणसाच्या दोन ओळी करा, सूत्रात गुंता करू नका.

दुसरं एक सूत्र देतो, ते उलटं आहे. कोणत्याही जुन्या स्लिपवरून कोणता भाजक वापरला होता ते यातून कळतं. F2 मध्ये प्रत्यक्ष दिलेली ओटीची रक्कम टाका:

```
=B2*D2*E2/F2
```

तुमच्याकडच्या एखाद्या कामगाराचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारीत १६ तास ओटी, मार्चमध्येही १६, गुणक दुप्पट. फेब्रुवारीत त्याला ४,४५७.१४ मिळाले असतील, मार्चमध्ये ४,०२५.८१. उलटं सूत्र लावा. ३१,२०० गुणिले १६ गुणिले २ म्हणजे ९,९८,४००. त्याला ४,४५७.१४ ने भागलं की २२४ येतात, म्हणजे २८ गुणिले ८. ४,०२५.८१ ने भागलं की २४८, म्हणजे ३१ गुणिले ८. भाजक महिन्यागणिक बदलतोय हे असं समोर येतं. सगळीकडे २४० आलं तर कोणी ३० धरलाय. २३४ आलं तर दिवस २६ च आहेत, पण जेवणाचा तास मोजलाय. पाच दिवसांच्या माणसाच्या ओळीत २०८ आलं तर २६ चुकीच्या जागी बसलाय. पूर्ण पत्रकावर हा एक रकाना ओढलात की कुठे काय झालंय ते काही मिनिटांत दिसतं. कामगारालाही स्वतःच्या स्लिपवर हे करता येतं, आणि कोणी विचारायला आला तर त्याच्यासमोर करून दाखवा.

या माणसाला दोन्ही महिन्यांत ४,८०० मिळायला हवे होते. फेब्रुवारीचे ३४२.८६ आणि मार्चचे ७७४.१९ मिळून १,११७.०५ बाकी निघतात. मागचा फरक किती मागे जाऊन द्यायचा हे तुमच्या ठिकाणच्या दाव्यांच्या मुदतीवर आणि मालकाच्या निर्णयावर आहे, पण हिशोब काढताना प्रत्येक महिना वेगळा काढा. भाजक दर महिन्याला वेगळा होता, म्हणून तूटही वेगळी आहे, आणि वर्षाच्या एकूण ओटीला एकच टक्का लावून फरक काढलात तर ज्याचा ओटी ३१ दिवसांच्या महिन्यांत जास्त झाला त्याला कमी पडेल. फरक देताना स्लिपवर तो त्या महिन्याच्या ओटीपासून वेगळ्या ओळीत दाखवा. नाहीतर पुढे कोणी हे उलटं सूत्र लावेल तेव्हा त्या महिन्याचा भाजक भलताच येईल.

बदल करायच्या आधी मालकाकडून एक ओळ लेखी घ्या: «ओव्हरटाइमचा साधा तासाचा दर म्हणजे मासिक पगार गुणिले १२, भागिले ५२ गुणिले आठवड्याचे ठरलेले तास», सोबत लागू तारीख. आणि सहा दिवसांच्या आठवड्याचा पुढे पाच दिवसांचा आठवडा झाला तर C2 त्याच तारखेपासून बदला. पगार तोच ठेवून आठवड्याचे तास कमी केले की ओटीचा दर वाढतो, हे मालकाला तेव्हा नव्हे, निर्णय घ्यायच्या आधी सांगा.